डबा, दोरा आणि पाणी : वृत्तचितीचा घरबसल्या पाठ

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या आठवीच्या गणितात 'पृष्ठफळ व घनफळ' या प्रकरणात वृत्तचिती येते. तिची सूत्रे तीन. वक्रपृष्ठफळ 2πrh, एकूण पृष्ठफळ 2πr(r + h) आणि घनफळ πr²h. तिन्ही एकसारखी दिसतात, तिन्हींमध्ये तीच अक्षरे फिरत असतात, आणि म्हणूनच परीक्षेत ती एकमेकांच्या जागी लिहिली जातात. वर्गात फळ्यासमोर ही गल्लत शिक्षकांच्या लगेच लक्षात येते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिकवणे फोनच्या पडद्यावर आले, तेव्हा ती लक्षात येईनाशी झाली, कारण मुलाची वही दिसत नव्हती, हातही दिसत नव्हते. आज शाळा भरतात, पण अतिवृष्टीची सुट्टी, वस्तीपासून लांब असलेली शाळा किंवा आजारपणात घरी राहिलेला मुलगा यांच्यासाठी असा पाठ अजूनही लागतो.

अशा पाठात उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याचे काम घरातल्या वस्तूवरच सोपवता येते. प्रत्येक मुलाने आपापला डबा मोजायचा, त्यात किती पाणी मावेल याचे उत्तर गणिताने काढायचे, ते शिक्षकांना कळवायचे आणि मग पाणी ओतून पाहायचे. प्रत्येकाचा डबा वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर उतरवून काही उपयोग नसतो. पाठाची आखणी या एका ओतण्याभोवती करायची.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी गटावर एक छोटा निरोप जातो. संध्याकाळीच, कारण पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो आई किंवा वडील कामावरून परतल्यावरच मुलाच्या हाती येतो. निरोपात सामानाची यादी असते : सरळ बाजूंचा एक गोल डबा, न ताणला जाणारा दोरा, मोजपट्टी, कात्री, वर्तमानपत्राचे एक पान, आलेख वहीचा एक कागद आणि पाणी मोजायला काहीतरी. लांबलचक यादी पाठवली की निम्मी मुले सामान नाही म्हणून पाठाला येतच नाहीत, म्हणून एवढ्यावरच थांबणे बरे.

'सरळ बाजूंचा' हा शब्द मात्र दोनदा लिहावा लागतो. घरात गोल दिसणारी प्रत्येक वस्तू वृत्तचिती नसते. पाणी प्यायचा पेला, चहाचा कप, बादली, बहुतेक वाट्या या सगळ्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात, म्हणजे एकात एक बसवून ठेवता याव्यात. स्वयंपाकघरातले साखरेचे, चहापत्तीचे, डाळींचे स्टीलचे डबे, कुकरच्या आत बसणारी उभ्या बाजूंची भांडी, अगरबत्तीची गोल नळी, पाइपचा तुकडा आणि विजेरीचा सेल या वस्तू वृत्तचितीच्या बऱ्याच जवळ जातात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दोरा वरच्या कडेजवळ गुंडाळून पाहायचा, मग तसाच तळाजवळ. दोन्हीकडे लांबी सारखी भरली तर वस्तू चालेल. एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर ती बाजूला ठेवायची, पण फेकायची नाही. पाठाच्या शेवटी तिचा उपयोग आहे.

प्रत्यक्ष पाठ चाळीस मिनिटांचा धरला तर पहिली दहा मिनिटे मोजण्यात जातात, आणि जावीतच. इथे घाई झाली की पुढचे सगळे बिघडते. उदाहरणासाठी चहापत्तीचा एक स्टीलचा डबा घेऊ. त्याच्याभोवती दोरा घट्ट, आडवा, एकदाच गुंडाळला आणि जिथे टोक भेटते तिथे पेनाने खूण केली. दोरा सरळ करून मोजपट्टीवर ठेवला तर ३४.५ सेंटिमीटर भरला. हा झाला परीघ. जमिनीपासून कडेपर्यंत डब्याची बाहेरची उंची १२ सेंटिमीटर.

व्यास थेट मोजायला सांगण्यापेक्षा परीघ मोजून घेणे चांगले, याला कारण आहे. मोजपट्टी डब्याच्या तोंडावर आडवी ठेवली तर ती बरोबर मध्यातून गेली की नाही हे कळत नाही. जरा बाजूला सरकली की व्यास कमी भरतो, आणि तो नेहमी कमीच भरतो, जास्त कधीच नाही. परिघात ती अडचण नसते. ३४.५ ला ३.१४ ने भागले की व्यास जवळजवळ ११ सेंटिमीटर येतो आणि त्रिज्या ५.५. सेलसारखी बारीक वस्तू असेल तर दोरा पाच वेढे गुंडाळायचा आणि आलेल्या लांबीला पाचने भागायचे, म्हणजे खूण करण्यातली चूक पाच वेढ्यांत वाटली जाते. मात्र वेढे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, शेजारीशेजारी ठेवायचे.

यानंतर वक्रपृष्ठफळ. 2πrh हे सूत्र पाठ करायला सांगण्याआधी मुलाने वर्तमानपत्राचे पान डब्याभोवती लपेटायचे. उंचीइतकी पट्टी कापायची, डब्याला एक वेढा द्यायचा, कागद जिथे स्वतःला भेटतो तिथे घडी घालून जास्तीचा भाग कापून टाकायचा. पट्टी सोडवून टेबलावर पसरली की समोर आयत असतो. त्याची एक बाजू १२ सेंटिमीटर, म्हणजे डब्याची उंची. दुसरी बाजू ३४.५ सेंटिमीटर, म्हणजे मघाशी दोऱ्याने मोजलेला परीघ. क्षेत्रफळ ४१४ चौरस सेंटिमीटर. सूत्रातले 2πr म्हणजे परीघच, आणि h म्हणजे उंची. 2πrh हे आयताच्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराचेच नाव आहे, हे मुलाच्या हातात कागद असताना सांगितले की त्यावर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

इथे एक चांगला प्रश्न विचारण्यासारखा आहे. कागद उभा न कापता तिरका कापून उलगडला तर काय होईल? ज्या घरात ॲल्युमिनियम फॉइलची गुंडाळी संपलेली असते, तिथे आतली पुठ्ठ्याची नळी मिळते. तिच्यावर तिरकी शिवण गोल गोल गेलेली दिसते. त्या शिवणीवरून कात्री चालवली तर नळी उलगडून लांबट समांतरभुज चौकोन तयार होतो. आकार वेगळा दिसला तरी पुठ्ठा तेवढाच राहिला, म्हणून क्षेत्रफळही तेच. समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून ते तपासता येते. पाठात यासाठी वेळ नसेल तर तो घरी करून पाहण्यासाठी सोडावा.

एकूण पृष्ठफळात दोन वर्तुळांची भर पडते. डबा आलेख कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली की तळाचे वर्तुळ मिळते. आतले सेंटिमीटरचे चौकोन मोजायचे : पूर्ण चौकोन आधी, मग अर्ध्याहून मोठे तुकडे एकेक धरायचे आणि अर्ध्याहून लहान सोडून द्यायचे. मोजणी ९५ च्या आसपास येते. πr² ने काढले तर ३.१४ गुणिले ३०.२५, म्हणजे ९५ चौरस सेंटिमीटर. वर आणि खाली असे दोन तळ धरले तर एकूण पृष्ठफळ ४१४ अधिक १९०, म्हणजे ६०४ चौरस सेंटिमीटर. झाकण नसलेल्या डब्यासाठी ते ५०९. पुस्तकातल्या गणितात 'झाकण नसलेली टाकी' हे शब्द वाचायचे राहून जातात आणि गुण जातात. ज्या मुलाने झाकण खरोखर काढून बाजूला ठेवले आहे, त्याच्याकडून ही चूक कमी होते.

पाठाचा गाभा घनफळात आहे आणि त्याला पंधरा मिनिटे तरी हवीत. सूत्र सांगण्याआधी डब्यात फक्त एक सेंटिमीटर उंचीचे पाणी घेतले तर किती मिलिलिटर लागेल, हे विचारावे. तळावर ९५ चौरस सेंटिमीटर जागा आहे, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक घन सेंटिमीटर पाणी उभे राहील, म्हणजे ९५ घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर म्हणजे एक मिलिलिटर. पाणी पुन्हा एक सेंटिमीटर चढवायचे तर पुन्हा तेवढेच लागेल, कारण बाजू सरळ आहेत. बारा सेंटिमीटर चढवायचे तर बारापट. तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, म्हणजेच πr²h, असे ओघातच येते.

हे करून दाखवायला खोकल्याच्या औषधासोबत येणारे छोटे माप उपयोगी पडते. त्यावर सहसा ५ आणि १० मिलिलिटरच्या खुणा असतात. एक सावधगिरी हवी. डब्याचा तळ आणि बाजू जिथे मिळतात तो कोपरा बहुधा गोलाई दिलेला असतो, त्यामुळे पहिल्या सेंटिमीटरला पाणी थोडे कमी लागते. म्हणून आधी दोन सेंटिमीटर पाणी अंदाजाने भरून घ्यावे आणि दोनवरून तीनवर जायला किती मापे लागतात ते मोजावे. नऊ मापे आणि वर थोडे, असे उत्तर येते.

आता प्रत्येक मुलाने आपल्या डब्याचे घनफळ काढायचे. चहापत्तीच्या डब्याचे ९५ गुणिले १२, म्हणजे ११४० घन सेंटिमीटर. एक लिटर आणि वर १४० मिलिलिटर. हा आकडा पाणी ओतण्याच्या आधी गटावर पाठवायचा, ही या पाठातली सर्वांत कडक अट. नंतर अंदाज मागितला तर सगळ्या वर्गाचे अंदाज अचूक निघतात, आणि शिक्षकाला त्यातून काहीच कळत नाही.

पाणी मोजायचे कशाने, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. 'एक लिटर' लिहिलेली बाटली काठोकाठ भरली तर तिच्यात एक लिटरपेक्षा जास्त पाणी मावते, कारण कारखान्यात ती मानेपर्यंत भरलेली नसते. सीलबंद बाटली उघडण्यापूर्वी पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करून ठेवली तरच ती माप म्हणून चालते. तशी बाटली घरात नसेल तर अर्धा लिटर दुधाची पिशवी कोणत्याही पारदर्शक बाटलीत रिकामी करून दुधाच्या पातळीवर खूण करायची. दूध मग नेहमीच्या पातेल्यात जाते आणि धुतलेली बाटली अर्ध्या लिटरचे माप होते. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर सगळ्यांत सोपे : रिकामा डबा तोलायचा, भरलेला तोलायचा. एक ग्रॅम पाणी म्हणजे व्यवहारात एक मिलिलिटर. ओतलेले पाणी नंतर कुंड्यांना किंवा धुण्याला जाते, आणि टंचाईच्या गावात तांदूळ वापरता येतात. तांदळाने मोजताना मात्र मापही आणि डबाही सपाट करायचा, शिगोशीग भरायचा नाही. कुठल्याकुठल्या घरात अजून जुने शेर किंवा मापटे असते. त्याने तांदूळ मोजताना शीग लावायची की हात फिरवायचा, हा वाद आजीला चांगला माहीत असतो.

चहापत्तीच्या डब्यात प्रत्यक्ष पाणी ओतले तर एक लिटर पूर्ण गेले आणि वर १०० मिलिलिटर. गणित ११४० सांगत होते. चाळीस मिलिलिटर कुठे गेले? पाठातला सगळ्यांत मोलाचा वेळ याच प्रश्नावर घालवावा, कारण इथे मुलाचे सूत्रही बरोबर आहे आणि गुणाकारही.

दोरा डब्याच्या बाहेरून गुंडाळला होता. पाणी मात्र आत आहे. पत्र्याची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तर आतली त्रिज्या ५.५ नव्हे, ५.४५ सेंटिमीटर आहे. आतल्या तळाचे क्षेत्रफळ ९५ ऐवजी ९३.३ होते. शिवाय डबा उलटा करून पाहिला तर तळाचा पत्रा जमिनीला टेकत नाही, कडेच्या जरा वर असतो. आतली खोली काडी उभी धरून मोजली तर १२ ऐवजी ११.८ सेंटिमीटर भरते. ९३.३ गुणिले ११.८ म्हणजे जवळजवळ ११०० मिलिलिटर. हरवलेले पाणी सापडले.

यातून एक गोष्ट अशी दिसते की त्रिज्येतली चूक उंचीतल्या चुकीपेक्षा महाग पडते. या डब्याची उंची एक मिलिमीटरने चुकली तर घनफळात साडेनऊ मिलिलिटरचा फरक पडतो. त्रिज्या एक मिलिमीटरने चुकली तर सुमारे एक्केचाळीस मिलिलिटरचा. याची दोन कारणे आहेत. त्रिज्या उंचीच्या निम्म्याहून लहान आहे, म्हणून तेवढाच मिलिमीटर तिच्या मानाने मोठा ठरतो. आणि सूत्रात तिचा वर्ग येतो, म्हणून तिची चूक दोनदा मोजली जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याने एवढे पाणी का खाल्ले याचे उत्तर त्यातच आहे.

मोजताना आणखी दोन जागी पाय घसरतो. शाळेच्या दप्तरातल्या प्लास्टिकच्या मोजपट्टीवर शून्याच्या आधी काही मिलिमीटर कोरी जागा असते. ती पट्टी डब्यात उभी घालून खोली वाचली तर उत्तर तेवढ्याने कमी येते, म्हणून खोली काडीने किंवा पेन्सिलीने मोजायची आणि काडी मग पट्टीवर शून्यापासून ठेवायची. दुसरे, डबा भरत आला की पाणी कडेच्या वर फुगून थांबते, सांडत नाही. पाण्याच्या पृष्ठताणामुळे असे होते. एवढ्या रुंद तोंडावर दोन मिलिमीटरचा फुगवटा राहिला तर सुमारे अठरा मिलिलिटर पाणी जास्त मोजले जाते. डोळा कडेच्या पातळीवर आणून, पाणी कडेशी सपाट दिसताच थांबायचे.

तीस मुलांचे तीस वेगळे डबे शिक्षकांनी तपासायचे कसे? प्रत्येकाकडून तीनच आकडे मागवायचे : परीघ, उंची आणि ओतलेले पाणी. त्रिज्या मागायची नाही. परिघाचा वर्ग गुणिले उंची भागिले १२.५६, एवढे केले की घनफळ मिळते. πr²h मध्ये त्रिज्येच्या जागी परीघ भागिले 2π ठेवले की हेच उरते. चहापत्तीच्या डब्यासाठी ११३७ येते. मुलाचे ११४० त्रिज्या ५.५ अशी पूर्ण केल्यामुळे तीनने जास्त आहे, ती चूक नव्हे.

मुलाने गणिताने काढलेल्या उत्तराला ओतलेल्या पाण्याने भागले की जो आकडा येतो, त्यावरून चूक कुठली ते बहुतेक वेळा घरी न जाता ओळखता येते. तो एकाच्या किंचित वर असेल, १.०२ ते १.०५ एवढा, तर मोजमाप बाहेरून झाले आहे आणि बाकी सगळे ठीक आहे. तो चारच्या जवळ असेल तर मुलाने त्रिज्येच्या जागी व्यास घातला आहे. याच डब्यात तसे केले तर उत्तर ४५५९ येते, म्हणजे साडेचार लिटर, आणि चहापत्तीच्या डब्यात साडेचार बाटल्या पाणी मावत नाही हे मुलाला सांगावे लागत नाही. उत्तर ७० च्या आसपास आले असेल तर माप इंचात घेतले आहे. घरात शिंप्याची टेप असली की हे हमखास होते, कारण तिच्या एका बाजूला इंच असतात. एका घन इंचात सुमारे १६.४ घन सेंटिमीटर असतात, त्यामुळे उत्तर सोळा पटीने लहान दिसते. आणि उत्तर बरोबर ४१४ आले तर मुलाने घनफळाच्या जागी वक्रपृष्ठफळ काढले आहे. सुरुवातीला सांगितलेली सूत्रांची गल्लत ती हीच, आणि इथे ती पाण्यासमोर उघडी पडते.

गुणोत्तर १.३ सारखे काहीतरी आले, तर बहुधा वस्तूच वृत्तचिती नाही. वरच्या तोंडाचा व्यास ७.५ सेंटिमीटर, तळाचा ५.५ आणि उंची ११, असा निमुळता पेला घेऊ. वरचा व्यास धरून वृत्तचितीचे सूत्र लावले तर ४८६ मिलिलिटर येतात. प्रत्यक्षात त्यात ३७० च्या आतबाहेर पाणी मावते. सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या वस्तू आता कामी येतात : पेल्यात एकेक सेंटिमीटर पाणी चढवत गेले तर प्रत्येक सेंटिमीटरला आधीपेक्षा जास्त पाणी लागते. डब्यात ते दरवेळी तेवढेच लागले होते. वरच्या आणि खालच्या व्यासांची सरासरी ६.५ घेऊन तेच सूत्र वापरले तर ३६५ येते, म्हणजे उत्तर बरेच सुधारते, पण नेमके होत नाही. नेमके सूत्र दहावीत शंकूछेदाच्या वेळी भेटते.

पाठानंतरचे घरकाम एका कागदाचे आहे. ए-फोर आकाराचा कागद २१ गुणिले २९.७ सेंटिमीटरचा असतो. असे दोन कागद घ्यायचे. एक उभा गुंडाळून उंच, अरुंद नळी करायची. दुसरा आडवा गुंडाळून बुटकी, रुंद नळी. कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, एकमेकींना भिडवून वरून चिकटपट्टी लावायची, कारण एक सेंटिमीटर जरी चढवला तरी अरुंद नळीचे घनफळ सुमारे शंभर मिलिलिटरने घटते. दोन्हींचे वक्रपृष्ठफळ एकच आहे, ६२३.७ चौरस सेंटिमीटर. कागदच तेवढा आहे. तर मग चुरमुरे कुणात जास्त मावतील? 'दोन्हींत सारखेच' असे म्हणणारे पुष्कळ निघतात, मोठी माणसेही.

रुंद नळी ताटात उभी करायची आणि अरुंद नळी तिच्या आत उभी ठेवायची. अरुंद नळी काठोकाठ चुरमुऱ्यांनी भरायची आणि हळूच वर उचलून घ्यायची. सगळे चुरमुरे खाली रुंद नळीत पसरतात. ती भरत नाही. चुरमुऱ्यांची पातळी तळापासून सुमारे पंधरा सेंटिमीटरवर थांबते, वर सहा सेंटिमीटर जागा रिकामी. आकड्यांत सांगायचे तर उंच नळीचे घनफळ १०४२ घन सेंटिमीटर आणि बुटकीचे १४७४. चुरमुरे थोडे दबतात, त्यामुळे पातळी पंधराच्या जरा खाली आली तरी चालते. पण पंधराच का, याचे उत्तर शोधण्यासारखे आहे. ए-फोर कागदाची लांबी रुंदीच्या √2 पट असते, म्हणून रुंद नळीचा परीघ अरुंद नळीच्या √2 पट आणि तळ दुप्पट. तळ दुप्पट झाला की तेवढ्याच चुरमुऱ्यांची उंची निम्मी, म्हणजे २९.७ ची १४.८५. वहीचे पान वापरले तर एवढे नीटस उत्तर येत नाही, पण बुटकी नळी मोठी ठरते हे तसेच राहते.

गॅलिलिओने १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या दोन नव्या विज्ञानांविषयीच्या ग्रंथात हाच प्रश्न धान्याच्या पोत्यांच्या रूपाने घेतला आहे. लाकडी तळ लावून कापडाचे पोते शिवायचे, कापड एका बाजूने लांब आणि दुसऱ्या बाजूने आखूड. तर कापडाची लांब बाजू उंचीला घेण्यापेक्षा तळाभोवती फिरवली तर पोत्यात जास्त धान्य मावते. त्याने तिथे सिद्ध केले की वक्रपृष्ठफळ सारखे असलेल्या दोन वृत्तचितींची घनफळे त्यांच्या उंचीच्या व्यस्त प्रमाणात असतात. १४७४ ला १०४२ ने भागून आणि २९.७ ला २१ ने भागून पाहिले तर दोन्ही वेळा १.४१ येते.

घरकामाचा शेवटचा भाग ज्यांना हवा त्यांनी करावा. तिसरा कागद लांबीच्या दिशेने मधोमध कापून १०.५ सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या करायच्या आणि टोकाला टोक जोडून त्यांचे ५९.४ सेंटिमीटर परिघाचे कडे करायचे. वक्रपृष्ठफळ अजूनही ६२३.७, पण घनफळ २९४८, म्हणजे बुटक्या नळीच्या दुप्पट. असेच कापत गेले तर घनफळ कितीही वाढवता येईल, असे दिसते. मात्र तिन्हींना वर-खाली कागदाचेच तळ लावायचे ठरवले तर एकूण पृष्ठफळ उंच नळीला सुमारे ६९४, बुटकीला ७६४ आणि कड्याला ११८५ चौरस सेंटिमीटर लागते. मुलांनी दुसऱ्या दिवशी पाठवायचे ते या तीन वृत्तचितींचे सहा आकडे, आणि चुरमुऱ्यांची पातळी दाखवणारा एक फोटो, मोजपट्टी शेजारी उभी धरून.